बाळ आकाशाकडे बघत होतं : एका लांबलेल्या बाळंतपणाचा प्रकरण अभ्यास

ही घटना पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातली आहे. मी तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. बाईची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. वेळा आणि तपासण्या मात्र केसपेपरवरून जशाच्या तशा घेतल्या आहेत, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या वेळांमध्येच दडलेलं आहे.

पार्श्वभूमी

बाई २३ वर्षांच्या, पहिलटकरीण. दिवस भरून २ दिवस वर झालेले. उंची १५२ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन १०.४, रक्तदाब नेहमी नीट. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळ डोक्याकडून, वजन अंदाजे ३ किलो आणि वार गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला होती. त्या रिपोर्टमध्ये काळजी करण्यासारखं काही नव्हतं, आणि वारेची जागा आम्हीही फक्त वाचून सोडून दिली होती.

रात्री साडेअकराला त्या सासूबाई आणि नवऱ्यासोबत आल्या. दुपारपासून दुखत होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कळा येतात का?" त्यावर बाई म्हणाल्या, "पोटात नाही हो जास्त, कंबरच मोडून येतीय." सासूबाईंनी लगेच सांगितलं, "पहिल्या खेपेला असंच असतंय." तपासणीत पिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलेलं, जाडसर. पोटावरून डोक्याचा पाचातला चार भाग हाताला लागत होता, म्हणजे डोकं अजून कटीत, कंबरेच्या हाडांच्या पोकळीत, शिरलेलं नव्हतं. बाळाचे ठोके मिनिटाला १४०, पण ते नेहमीच्या जागी, बेंबीच्या खाली, स्पष्ट येईनात. उजव्या कुशीकडे बरंच बाहेर गेल्यावर नीट ऐकू आले. केसपेपरवर नोंद झाली ती एवढीच : "शीर्ष खाली, ठोके १४०, नियमित."

त्या एका तपासणीत तीन खुणा होत्या आणि तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत होत्या : बाळाची पाठ आणि मागचा माथा आईच्या पाठीकडे आहे. दुखणं पोटापेक्षा कंबरेत, ठोके कुशीत, आणि दिवस भरूनही डोकं वर. चौथी खूण दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहिली. बाई उताण्या झोपल्या की बेंबीच्या खाली पोट फुगीर न दिसता बशीसारखं खोलगट दिसायचं, आणि पुढे पाठीच्या सलग फुगवट्याऐवजी हातापायांचे छोटे छोटे उंचवटे लागायचे.

अडचण कशी उभी राहत गेली

पहाटे अडीचला पाणी गेलं, स्वच्छ होतं. चार वाजता तोंड ४ सेंटिमीटर. सकाळी सातला ५ सेंटिमीटर, दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक साधारण ३५ सेकंदांची. इथून आम्ही कळांचा जोरकस टप्पा धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार तो ५ सेंटिमीटरपासून मोजायचा असतो. आधी कुणी ३ किंवा ४ सेंटिमीटरवर तीन-चार तास थांबलेली असेल, तर तिचं बाळंतपण "अडलं" असं म्हणता येत नाही. त्यामुळे रात्रीच्या तासांबद्दल माझी तक्रार नाही.

अकरा वाजता तोंड ६ सेंटिमीटर होतं. चार तासांत एकच सेंटिमीटर. कळा तशाच, मध्यम. सकाळच्या पाळीतल्या डॉक्टरांनी कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन सुरू केलं : ५०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेटमध्ये ५ युनिट, पंपावर तासाला १२ मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला २ मिलियुनिट, आणि दर अर्ध्या तासाने वाढवत न्यायचं. कागदावर कारण लिहिलं होतं, "कळा अपुऱ्या."

मला दीड वाजता बोलावलं गेलं, तेही वेगळ्याच कारणाने. सिस्टरांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, बाई जोर लावायला लागल्यात, पण तोंड अजून सातच आहे."

या वाक्यावर थोडं थांबायला हवं. तोंड पूर्ण उघडायच्या कितीतरी आधी बाईला जोर लावावासा वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा बाळाचा मागचा माथा आईच्या पाठीकडे असतो. तो गुदद्वाराच्या बाजूला दाबतो, आणि मेंदूला निरोप जातो की बाळ खाली आलं. प्रत्यक्षात बाळ वरच असतं. प्रसूतिगृहातल्या एका मावशींनी मायेपोटी "लाव जोर, लाव" म्हणून धीर दिला होता, आणि बाईंनी तासभर जोर लावला होता. त्याचा परिणाम मला बोटांना जाणवला. पिशवीच्या तोंडाची पुढची कड डोकं आणि कटीचं पुढचं हाड, म्हणजे जघनास्थी, यांच्या मध्ये चिमटून सुजली होती.

मी आतून नीट तपासलं. पुढे डाव्या बाजूला चार शिवणी जिथे मिळतात ती चौकोनी मोठी टाळू सहज बोटाला लागली. मागची लहान, तिकोनी टाळू शोधायला बोट उजवीकडे बरंच मागे न्यावं लागलं आणि तीही पुसटशीच लागली. म्हणजे मागचा माथा उजवीकडे मागे, बाळाचा चेहरा डावीकडे पुढे, आणि हनुवटी छातीला टेकलेली नाही. बाळ जणू आकाशाकडे बघत खाली येऊ पाहत होतं.

बाळंतपण का लांबतं

बाळाची हनुवटी छातीला नीट टेकलेली असेल, तर डोक्याचा सुमारे ९.५ सेंटिमीटरचा व्यास वाटेत येतो. मागचा माथा मागे असला की बाळाचा कणा आणि आईचा कणा समोरासमोर येतात, बाळाला पुरतं वाकता येत नाही, हनुवटी उचललेली राहते आणि तोच व्यास ११.५ सेंटिमीटरपर्यंत जातो. डोकं तेच, वजन तेच. पण वाटेत आडवं येणारं माप २ सेंटिमीटरने वाढलेलं. डोकं मोठं नसतं, ते चुकीच्या कोनातून येत असतं. नातेवाइकांना मी नेहमी दाराचं उदाहरण देते. कपाट उभं करून दारातून जातं, तिरकं धरलं की चौकटीला अडतं.

दुसरं कारण पिशवीच्या तोंडाशी आहे. नीट वाकलेलं गोल डोकं तोंडावर सगळीकडून सारखं टेकतं आणि त्या दाबानेच पुढच्या कळा जोर धरतात. अर्धवट उचललेलं डोकं एका बाजूला टेकतं, दुसऱ्या बाजूला फट राहते. पाणी लवकर फुटतं, तोंड असमान उघडतं, कळा मध्यमच राहतात. म्हणून "कळा अपुऱ्या" ही सकाळची नोंद खोटी नव्हती. पण ती परिणामाची नोंद होती, कारणाची नव्हती.

तिसरं म्हणजे वळणाचं अंतर. मागचा माथा पुढे यायला साधारण १३५ अंश फिरावा लागतो. पुढे-बाजूला असलेल्या डोक्याला ४५ अंश पुरतात. बहुतेक बाळं हे लांब वळण स्वतःच घेतात. कळांच्या सुरुवातीला मागचा माथा मागे असणं अजिबात दुर्मीळ नाही, जन्माच्या क्षणापर्यंत तसाच राहणं मात्र शंभरात साधारण पाच जणींतच दिसतं. काही बाळं अर्ध्या वाटेत अडकतात. माथा आडवा, कटीच्या मधल्या अरुंद भागात, पुढेही नाही आणि मागेही नाही. हे अडकणं मागच्या माथ्यापेक्षाही चकवणारं असतं, कारण तोंड पूर्ण उघडलेलं असतं, डोकं बरंच खाली वाटतं आणि तरी तासभर जोर लावून काहीच हलत नाही. उरलेली काही मागेच वळतात आणि तोंड वर करून जन्मतात. त्यात आईच्या खालच्या भागाला जास्त ताण येतो आणि खोल फाटण्याची भीती वाढते.

आमच्या बाईंच्या बाबतीत वार पुढे असणं हा एक धागा होता. पुढे वार असली की बाळाची पाठ मागे राहण्याचं प्रमाण जास्त दिसतं. कटीचा आकारही बहुधा पुढून-मागे लांबट असावा, असं बोटांना वाटलं. तो आता बदलणार नव्हता.

पहिला निर्णय : दुपारी दीड वाजता

तीन पर्याय होते. ऑक्सिटोसिन बंद करून लगेच सिझर. ऑक्सिटोसिन तसंच वाढवत राहणं. किंवा आणखी काही तास, पण वेगळ्या तऱ्हेने, वाट बघणं.

नवरा म्हणाला, "मॅडम, सिझर करून टाका. बघवत नाही." सासूबाई म्हणाल्या, "नॉर्मलच होऊ दे, बाई. आमच्या घरात कुणाचं पोट फाडलेलं नाही." मी दोघांचं ऐकून घेतलं आणि मग बाईंच्या कानाशी बसून त्यांनाच विचारलं, "ताई, बाळाचं तोंड वर आहे म्हणून कंबर एवढी दुखतेय. बाळ ठीक आहे. अजून काही तास प्रयत्न करायचा की नाही, ते तुम्ही सांगा." त्यांनी विचारलं, "बाळाला काही होणार नाही ना?" मी सांगितलं, "ठोके सतत बघत राहू. ठोक्यांनी इशारा दिला तर थांबणार नाही." त्या हो म्हणाल्या.

सिझर न करण्यामागे माझं कारण साधं होतं. चांगल्या कळा, म्हणजे दहा मिनिटांत चार आणि प्रत्येक ४५ सेकंदांच्या वर, फक्त गेल्या तासाभरातच येत होत्या. ६ सेंटिमीटरच्या पुढे, पाणी गेलेलं असताना, चांगल्या कळांवर चार तास तोंड न हलणं याला मी अडणं म्हणते. इथे तर ६ चं ७ झालं होतं. ठोके १५०, पाणी स्वच्छ, कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली नाहीत, डोकं पाचातलं तीन भाग वर, म्हणजे रात्रीपेक्षा एक भाग खाली आलेलं.

मग तीन गोष्टी केल्या. पहिली, नळीने लघवी काढली. ६०० मिलिलिटर निघाली. रात्रीपासून कुणीही त्यांना लघवीला पाठवलं नव्हतं. भरलेलं मूत्राशय डोक्याच्या वाटेतच बसलेलं असतं. ही चूक इतकी साधी आहे की तपासणीत तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. दुसरी, जोर लावणं थांबवलं. बाईंना गुडघे आणि तळव्यांवर ओणवं केलं, मग कुशीवर. या स्थितींनी डोकं खरोखर फिरतं का, याबद्दलच्या चाचण्यांमध्ये ठाम फायदा दिसलेला नाही, आणि मी तसं आश्वासनही देत नाही. पण ओणव्याने कंबरदुखी कमी होते. आमच्या बाईंना पहिल्यांदा सलग दहा मिनिटं शांत वाटलं ते त्याच वेळी. शिवाय जोर लावण्याची उबळ ओसरते आणि सुजलेल्या कडेवरचा दाब उतरतो. तिसरी, ऑक्सिटोसिन त्याच वेगावर ठेवलं, पुढे वाढवलं नाही.

ऑक्सिटोसिनबद्दल इथे दोन शब्द. पहिलटकरणीत अडथळा असला तर गर्भपिशवी बहुधा थकते आणि कळा मंदावतात. म्हणून थोडं ऑक्सिटोसिन देऊन बघणं, ठोके नीट ऐकत, रास्त आहे. ज्यांची आधी बाळंतपणं झाली आहेत त्यांची पिशवी अडथळ्याविरुद्ध झुंजत राहते आणि फाटू शकते. हीच बाई तिसऱ्या खेपेची असती तर मी पंप चालू ठेवला नसता.

दुसरा निर्णय : संध्याकाळी सहा वाजता

साडेचारला तोंड पूर्ण उघडलं. सूज बरीच उतरली होती, डोकं पाचातलं दोन भाग वर. अर्धा तास उबळ नीट येऊ दिली, पाच वाजता जोर सुरू केला. ठोके दर पाच मिनिटांनी.

सहा वाजता माझ्या सोबतच्या तरुण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मॅडम, डोकं बरंच खाली आलंय, व्हॅक्यूम लावू या." मी पोटावर हात ठेवला. डोक्याचा एक पंचमांश अजून वर लागत होता. आत बोट घातलं तर बोटाला पहिल्यांदा लागली ती टाळूवरची सूज, पिठाच्या गोळ्यासारखी मऊ, चांगली दीड-दोन सेंटिमीटर जाडीची. हाड त्याच्या बरंच वर होतं, कटीच्या मधल्या काट्यांच्या जेमतेम खाली. बोट ज्या ठिकाणाला "खाली आलं" म्हणत होतं ती सूज होती, डोकं नव्हतं. शिवणीही त्या सुजेत बुडालेल्या.

अशा वेळी मी कान शोधते. कानाची मोकळी कड ज्या दिशेला वळलेली, तिकडे मागचा माथा. कानापर्यंत बोट पोचलं, पण सुजेमुळे खात्री होईना. शेवटी सोनोग्राफीचा प्रोब जघनास्थीच्या वर आडवा ठेवला. पडद्यावर दोन डोळ्यांच्या खोबण्या सरळ आमच्याकडे बघत होत्या. सगळ्यांची शंका मिटायला अर्धं मिनिट लागलं. डोकं अजून मागेच होतं.

व्हॅक्यूम म्हणजे डोक्याला वाटी चिकटवून बाळ ओढून काढणं. त्याला माझा विरोध तत्त्वाचा नव्हता. मागच्या माथ्यालाही व्हॅक्यूम लावता येतो, पण वाटीची जागा फार महत्त्वाची. मोठ्या टाळूपासून साधारण ६ सेंटिमीटर मागे, लहान टाळूच्या ३ सेंटिमीटर पुढे, मधल्या शिवणीवर. तिथे ओढलं की डोकं वाकतं आणि व्यास कमी होतो. मागच्या माथ्यात ही जागा पार मागे, त्रिकास्थीकडे लपलेली असते. नेहमीची ताठ दांड्याची वाटी तिथे पोचत नाही, ती पुढे टाळूजवळ बसते, आणि मग प्रत्येक ओढीने हनुवटी आणखी वर उचलली जाते. वाटी सुटते, टाळूला इजा होते, आणि दोन-तीन ओढींनंतर आपण सिझरकडे जातो ते आधीपेक्षा वाईट अवस्थेत. लवचीक नळीची, मागे सरकवता येणारी वाटी आमच्याकडे त्या दिवशी नव्हती.

फिरवण्याचे चिमटे मी शिकताना पाहिले आहेत, पण माझा त्यावर हात बसलेला नाही. ज्यावर हात नाही ते अशा वेळी करून बघायचं नाही, हा माझा नियम आहे. वैद्यकीय महाविद्यालय दीड तासाच्या वाटेवर. कळांच्या अंतानंतर कधीकधी ठोके १०० पर्यंत उतरून परत येऊ लागले होते. त्यामुळे पाठवणंही बरं वाटेना.

उरले दोन पर्याय, हाताने डोकं फिरवणं किंवा सिझर. मी ठरवलं की पहिलं करून बघायचं, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत, दुसऱ्याची पूर्ण तयारी ठेवून. भूलतज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना बोलावलं, रक्त जुळवायला सांगितलं. बाईंना आणि नवऱ्याला सांगितलं, "हाताने बाळाचं डोकं वळवून बघते. वळलं तर बाळ खालूनच होईल. नाही वळलं, किंवा ठोके बिघडले, तर तिथल्या तिथे सिझर." बाईंनी सही केली.

सिझरच्या वेळी डोकं खोल रुतलेलं असेल तर काय करायचं, हेही मी आधीच बोलून ठेवलं. दहा सेंटिमीटर उघडल्यावरच्या सिझरमध्ये डोकं वर ओढताना पिशवी खालपर्यंत चिरण्याचा धोका असतो. आपल्याकडच्या डॉ. पटवर्धनांनी १९५७ मध्ये मांडलेली खांदे आधी काढण्याची पद्धत अनेक मराठी डॉक्टरांना शिकवली गेली आहे. ती माथा पुढे किंवा आडवा असताना सोयीची. माथा मागे असला तर बाळाचे पाय समोरच असतात, म्हणून पाय धरून उलटं काढणं सोपं जातं. कोण काय करणार, खालून डोकं कोण ढकलणार, हे आधी ठरलेलं असलं की त्या क्षणी ओरडाआरडा होत नाही.

कृती

मूत्राशय रिकामं केलं. खालचा भाग बधिर करायला दोन्ही बाजूंच्या प्युडेंडल नसेत १ टक्का लिग्नोकेन १० मिलिलिटर दिलं. पाठीत भूल मुद्दाम दिली नाही, कारण जोर लावण्याची ताकद मला हवी होती. भूलतज्ज्ञ मात्र औषध भरून तयार उभे होते.

मागचा माथा उजवीकडे मागे, म्हणून डावा हात, तळवा वर करून आत नेला. बोटं डोक्याच्या मागे, अंगठा पुढच्या बाजूला. आधी डोकं वाकवायचं, मग फिरवायचं. उलट्या क्रमाने केलं तर मोठाच व्यास फिरवत बसावं लागतं आणि ते फिरत नाही. डोकं फार वर ढकलायचंही नाही. ते कटीतून सुटलं तर नाळ खाली सरकू शकते.

पहिल्या कळेत डोकं आडवं झालं. मी हात काढला आणि ते हळूच परत मागे गेलं. पुढची कळ येण्याआधी तरुण डॉक्टरांना पोटावरून बाळाचा खांदा उजवीकडून मध्यरेषेच्या पलीकडे ढकलायला सांगितलं, कारण पाठ वळली नाही तर मान फक्त पीळ खाते आणि उलगडते. दुसऱ्या प्रयत्नात बाई जोर लावत असताना डोकं माझ्या हाताबरोबर पुढे आलं, आणि या वेळी मी हात तसाच धरून ठेवला. एक कळ गेली, दुसरी गेली. दुसऱ्या कळेत डोकं स्वतःच्या बळावर खाली सरकल्याचं जाणवलं, तेव्हा हात काढला. पहिल्या प्रयत्नात मी तेवढी वाट बघितली नव्हती. चूक एवढीच होती.

ठोके ११० वर येऊन पुन्हा १४० ला गेले. तिसरा प्रयत्न करायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्याची गरज पडली नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटं बाईंनी जोर लावला, आता उबळ आणि डोकं एकाच दिशेला होते. सात वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली, तोंड खाली करून.

परिणाम

बाळाचं वजन ३.३ किलो, अॅपगार पहिल्या मिनिटाला दहापैकी ७, पाचव्याला ९. टाळूवर मोठी सूज होती, ती दोन दिवसांत उतरली. मान आणि दोन्ही हात नीट हलत होते. हाताने फिरवल्यानंतर हे मी मुद्दाम बघते.

आईला दुसऱ्या दर्जाची चीर गेली, गुदद्वाराचा स्नायू शाबूत होता. ते बोट घालून तपासलं. अपेक्षित असलेली गुंतागुंत मात्र आली. इतके तास राबलेली पिशवी वार पडल्यावर सैल पडली. बाळ होताच दिलेल्या १० युनिट ऑक्सिटोसिनने भागलं नाही. पिशवी चोळली, सलाइनमधून आणखी २० युनिट दिलं, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत दिलं. मोजलेला रक्तस्राव ६५० मिलिलिटर. रक्त चढवावं लागलं नाही. लघवीची नळी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली, कारण इतका वेळ दबलेलं मूत्राशय भरल्याची जाणीव देत नाही. चौथ्या दिवशी घरी गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

रात्री साडेअकराची तपासणी मी परत परत वाचली. तिन्ही खुणा तिथे होत्या. तेव्हाच ओळखलं असतं तर काही वेगळं करायचं नव्हतं, थांबायचंच होतं. पण बाईंना कंबर का मोडतेय हे कळलं असतं, जोर लवकर येईल हे सिस्टरांना कळलं असतं, आणि तो एक तासाचा वाया गेलेला जोर टळला असता.

आमचा पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय हे नोंदवायचा तक्ता, जुना होता. त्यावर तोंड किती उघडलं आणि डोकं किती खाली आलं याच्या रेषा होत्या, पण डोकं कुठे बघतंय याला जागा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या तक्त्यात माथ्याच्या दिशेची स्वतंत्र ओळ आहे, पुढे, मागे किंवा आडवा. त्यानंतर आम्ही जुन्या कागदावर पेनाने तेवढी एक ओळ आखून घेतली. त्यात "कळलं नाही" असं लिहिण्याचीही मुभा ठेवली, कारण ५ सेंटिमीटरवर ते कधीकधी खरंच कळत नाही. तसं लिहिलेलं असलं की पुढचा माणूस शोधतो.

अकराला ऑक्सिटोसिन सुरू करणं चूक होतं का? सहकारी डॉक्टरांशी यावर माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, दिशा कळली असती तरी मी तेच केलं असतं. ते बरोबर आहे. मीही तेच केलं असतं. पण मूत्राशय रिकामं करून, आणि मनात हे धरून की आता तोंड हललं नाही तर वेग वाढवायचा नाही. कारण न शोधता सुरू केलेला पंप दर अर्ध्या तासाला आपोआप वाढत जातो, आणि थांबायचं कुठे हे कुणालाच माहीत नसतं.

हाताने फिरवणं मी सहा वाजता केलं. पाचला, सूज वाढायच्या आधी, करायला हवं होतं का? तोंड पूर्ण उघडताच सगळ्यांनाच फिरवल्याने फायदा होतो का, यावरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि बरीच बाळं त्या तासात स्वतः वळतात. त्यामुळे पाचला थांबण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण पाचलाच सोनोग्राफी केली असती, तर सहाला खात्री करण्यात आणि भूलतज्ज्ञ येण्यात गेलेली पंचवीस मिनिटं वाचली असती. आता जोर सुरू होताना मी प्रोब ठेवतेच.

एक गोष्ट मी त्या दिवशी अपघातानेच बरी केली. डिस्चार्ज कार्डावर फक्त "नैसर्गिक प्रसूती" असं लिहायची पद्धत होती. मी लिहिलं : "मागचा माथा उजवीकडे मागे, पूर्ण तोंड उघडल्यावर हाताने फिरवला, दुसऱ्या प्रयत्नात यश, रक्तस्राव ६५० मिलिलिटर." दीड महिन्याने बाई बाळाला घेऊन आल्या तेव्हा कार्ड पुढे करून म्हणाल्या, "माहेरच्या डॉक्टरीणबाईंनी हे वाचून सांगितलं, पुढच्या खेपेला हे कार्ड घेऊनच या."